लोडर लावल्यावर मागची लिफ्ट का मरते? ट्रॅक्टरमधल्या हायड्रॉलिक तेलाचा रस्ता

ट्रॅक्टरला पुढचा लोडर बसवला. लोडरचा स्वतःचा दोन दांड्यांचा व्हॉल्व्ह आहे, त्याला तेल हवं म्हणून दोन पाइप नेऊन मागच्या रिमोट कपलरमध्ये, म्हणजे अवजारांना तेल देणाऱ्या तोंडांमध्ये, खुपसले आणि रिमोटची दांडी एका बाजूला ढकलून तिथेच अडकवून ठेवली. लोडर छान चालतो. पण मागे अवजार जोडून लिफ्टची दांडी ओढली की लिफ्ट जागची हलत नाही. शिवाय लोडर नुसता उभा असतानाही तेल तापत राहतं. अशा वेळी पहिला संशय पंपावर जातो, मग लिफ्टच्या पिस्टनच्या रिंगवर. बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात. चूक तेलाच्या रस्त्यात असते.

तो रस्ता एकदा डोळ्यांपुढे आला की लोडरच्या निम्म्या तक्रारी स्पॅनर हातात न घेताच ओळखता येतात.

सुरुवात पंपापासून. बऱ्याच ट्रॅक्टरवर गिअर पंप असतो. एका घट्ट घरात दोन दातेरी चाकं एकमेकांत फिरतात आणि दातांमधल्या खाचांतून तेल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेतात. प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल सरकतं. समजा एका फेऱ्याला 16 घन सेंटिमीटर तेल सरकतं आणि पंप मिनिटाला 2000 फेरे फिरतोय, तर हिशोबाने 32 लिटर होतात. आतल्या गळतीचं थोडं वजा केलं की मिनिटाला साधारण 30 लिटर हाती लागतात. इंजिनचा वेग निम्मा केला की तेलही निम्मं.

इथे एक गोष्ट पक्की धरून ठेवायची. पंप फक्त तेल ढकलतो, प्रेशर तो तयार करत नाही. प्रेशर तयार होतं ते तेलाला अडवणाऱ्या गोष्टीमुळे, म्हणजे बकेटमधल्या वजनामुळे. रिकामा बूम, म्हणजे बकेट धरणारा लोडरचा हात, उचलताना गेज कमी दाखवतो, भरलेली बकेट उचलताना जास्त. तेल कुठेच जाऊ शकलं नाही तर प्रेशर चढत जाऊन सगळ्यात कमकुवत भाग फुटतो. ते होऊ नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो. स्प्रिंगने दाबलेली एक सुई, ठरलेल्या प्रेशरला उघडते आणि तेल टाकीत सोडते.

म्हणून वेग आणि ताकद हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वेग किती लिटर तेल येतंय त्यावर ठरतो, ताकद रिलीफ किती प्रेशरवर सेट आहे त्यावर. लोडर हळू चालतोय म्हणून रिलीफचा स्क्रू आवळणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

आकड्यांत पाहू. लोडरच्या बूमला दोन सिलेंडर आहेत, आतला व्यास 63 मिलिमीटर, रॉड 35 मिलिमीटरचा, स्ट्रोक 600 मिलिमीटरचा. एका पिस्टनचं क्षेत्रफळ होतं सुमारे 31 चौरस सेंटिमीटर, दोघांचं 62. बूम तळापासून वरपर्यंत न्यायला 62 गुणिले 60, म्हणजे साधारण 3.7 लिटर तेल लागतं. मिनिटाला 30 लिटर म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर, तेव्हा बूम वर जायला साडेसात सेकंद लागायला हवेत. खाली येताना रॉडने जागा अडवलेली असते, त्यामुळे 2.6 लिटरच पुरतात आणि बूम सव्वापाच सेकंदांत खाली येतो. घड्याळ लावून हे मोजता येतं. इंजिन ठरलेल्या वेगावर असूनही साडेसातच्या जागी बारा सेकंद लागत असतील, तर पाच लिटरमागे जवळजवळ दोन लिटर तेल कुठेतरी वाटेत गळतंय किंवा पंपापर्यंत पोचतच नाहीये.

ताकदीचा हिशोबही असाच. रिलीफ 170 बारला सेट असेल तर 62 चौरस सेंटिमीटरवर मिळून जवळपास पावणेअकरा टनांचा जोर येतो. बकेटपाशी इतकं वजन उचललं जात नाही, कारण सिलेंडर बूमच्या बिजागरीजवळ ढकलतो आणि बकेट कितीतरी लांब असते. तरफेत जोर देऊन अंतर कमावलेलं असतं. हाच जोर बिजागरीच्या पिनांवर आणि चेसिसच्या बोल्टांवर येतो, म्हणून रिलीफ कंपनीने सांगितलेल्या आकड्यापलीकडे नेऊ नये.

आता रस्त्याकडे येऊ. गिअर पंप असलेल्या ट्रॅक्टरमध्ये सहसा ओपन सेंटर रचना असते. इंजिन चालू असेपर्यंत पंप तेल ढकलतच राहतो, त्यामुळे कुणालाच तेल नको असलं तरी त्याला मोकळी वाट हवी. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटातून म्हणून एक मधली वाट काढलेली असते. पंपातून निघालेलं तेल त्या वाटेने पहिल्या व्हॉल्व्हमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून मागच्या लिफ्टमध्ये आणि शेवटी टाकीत जातं. पाटाच्या पाण्यासारखंच आहे हे: वरच्याने सगळं पाणी आपल्या वाफ्यात वळवलं, तर त्याचं होईपर्यंत खालच्याला थेंब मिळत नाही.

व्हॉल्व्हच्या आत एक गुळगुळीत दांडा सरकतो, त्याला स्पूल म्हणतात. स्पूल मधोमध असताना मधली वाट उघडी असते आणि सिलेंडरकडे जाणारी दोन्ही तोंडं बंद असतात, म्हणून बूम आहे तिथे थांबतो. दांडी ओढली की तीन गोष्टी एकदम होतात. मधली वाट बंद होते, पंपाचं तेल सिलेंडरच्या एका तोंडाला जातं आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर पडणारं तेल टाकीच्या वाटेला लागतं. ट्रॅक्टरचे मागचे रिमोट व्हॉल्व्हही हेच करतात, फक्त त्यांची दोन तोंडं क्विक कपलरवर आणून दिलेली असतात, म्हणजे कुठलंही अवजार लावता यावं.

लोडरच्या बूमच्या स्पूलला बऱ्याचदा चौथी जागा असते, फ्लोट. तिथे सिलेंडरची दोन्ही तोंडं टाकीला जोडली जातात आणि बकेट जमिनीच्या चढउतारावर आपल्या वजनाने तरंगत जाते. माती मागे ओढून सपाट करताना ती वापरायची. बकेट उंचावर असताना दांडी चुकून फ्लोटला गेली तर बूम धाडकन खाली येतो, हे चालवणाऱ्याला आधी सांगून ठेवावं.

आता पहिल्या तक्रारीचा उलगडा होतो. रिमोटची दांडी ढकलून अडकवून ठेवली की त्याचा स्पूल कायम सरकलेला राहतो आणि मधली वाट कायम बंद. पंपाचं सगळं तेल कपलरमधून लोडरच्या व्हॉल्व्हकडे जातं, तिथून दुसऱ्या कपलरने परत येऊन थेट टाकीत पडतं. लिफ्ट या रांगेत रिमोटच्या नंतर येते, तिच्या वाट्याला काहीच उरत नाही. रिमोटची दांडी न्यूट्रलला आणा, लिफ्ट लगेच उचलेल. एवढीच चाचणी पुरते, लिफ्ट खोलायची गरज नाही.

तेल तापण्याचं कारणही तिथेच आहे. लोडर उभा असला तरी मिनिटाला 30 लिटर तेल अरुंद कपलरमधून आणि लांब पाइपांतून फिरतंय. त्या सगळ्या अडथळ्यात मिळून 20 बार जरी खर्ची पडले तरी एक किलोवॅटची उष्णता सतत तेलात जात राहते. लिटर प्रति मिनिट गुणिले बार, भागिले 600, की किलोवॅट मिळतात.

या जोडणीतला खरा धोका मात्र वेगळा आहे. परतीचं कपलर नीट बसलं नाही किंवा चालता चालता निसटलं, तर त्याच्या आतली गोळी तोंड बंद करते. मग लोडरच्या व्हॉल्व्हची टाकीकडची बाजू, जी फक्त कमी प्रेशरसाठी बनवलेली असते, तिच्यावर पंपाचं पूर्ण प्रेशर चढतं. आधी स्पूलच्या टोकांची सील उडतात, नशीब वाईट असेल तर व्हॉल्व्हची बॉडी तडकते. दांडी उलट्या बाजूला ढकलली तर तेल उलट्या दिशेने शिरतं आणि तेव्हाही पहिला तडाखा याच सीलना बसतो.

यावर योग्य उपाय म्हणजे पॉवर बियाँड. लोडरचा व्हॉल्व्ह रिमोटच्या पोटी न लावता पंप आणि बाकीच्या रांगेच्या मध्ये बसवायचा, म्हणजे त्याच्या मधल्या वाटेतून न वापरलेलं तेल पुढे लिफ्टकडे जात राहील. त्यासाठी दोन नव्हे, तीन पाइप लागतात. पहिला पंपाकडून व्हॉल्व्हच्या पी तोंडाला. दुसरा पॉवर बियाँडच्या तोंडातून ट्रॅक्टरच्या बाकीच्या रांगेला. तिसरा टी तोंडातून थेट टाकीला, मध्ये कपलर किंवा कॉक न ठेवता आणि पहिल्या दोघांपेक्षा जाड.

साध्या व्हॉल्व्हमध्ये मधली वाट आतल्या आतच टाकीच्या वाटेला मिळालेली असते. ती वेगळी करण्यासाठी एक पोकळ नटासारखी स्लीव्ह मिळते, ती त्या व्हॉल्व्हच्या मॉडेलचीच हवी. ती न बसवता टी तोंडालाच लिफ्टचा पाइप जोडण्याची हयगय सर्रास होते. वरवर सगळं चालतं. पण मागची लिफ्ट जड अवजार उचलू लागली की तेच प्रेशर लोडरच्या व्हॉल्व्हच्या टाकीच्या बाजूला चढतं आणि दांड्यांच्या मुळाशी तेल पाझरू लागतं. दांड्यांपाशी वारंवार सील जात असतील आणि तेही लिफ्ट वापरतानाच, तर आधी ही स्लीव्ह आहे का ते बघावं.

दुसरी चूक जास्त घातक आहे. पी आणि पॉवर बियाँडचे पाइप अदलाबदल झाले तर न्यूट्रलमध्ये काहीच कळत नाही, तेल उलट्या दिशेने आरामात वाहतं. दांडी ओढताच मधली वाट बंद होते आणि पंप भिंतीला धडकतो. लोडरच्या व्हॉल्व्हची रिलीफ पी तोंडाजवळ असते, ती आता पंपाच्या बाजूला उरलेलीच नाही. पंपाजवळ दुसरी रिलीफ नसेल तर पाइप किंवा पंपाचं घर फुटतं. पंप आणि पहिला बंद होऊ शकणारा व्हॉल्व्ह यांच्या मध्ये रिलीफ हवीच, हा नियम कुठल्याही जोडणीत तपासून घ्यावा. म्हणूनच नवीन जोडणीनंतर पहिली दांडी इंजिन सर्वांत हळू ठेवून, किंचितच ओढायची आणि गेजवर डोळा ठेवायचा.

काही मोठ्या ट्रॅक्टरमध्ये गिअर पंपाऐवजी मागणीप्रमाणे तेल कमीजास्त करणारा पिस्टन पंप असतो. त्याला मधली उघडी वाट चालत नाही. तिथे ओपन सेंटरचा लोडर व्हॉल्व्ह लावला तर पंपाला सतत मागणी आहे असंच वाटत राहतं आणि तो विनाकारण राबतो. व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी ट्रॅक्टरची रचना कोणती, हे मॅन्युअलमध्ये बघणं स्वस्त पडतं.

जोडणी झाली की पाइपांतली आणि सिलेंडरांतली हवा काढायची. बकेट रिकामी ठेवून प्रत्येक सिलेंडर दोन्ही टोकांपर्यंत चार-पाच वेळा सावकाश नेला की हवा टाकीत निघून जाते. मग बूम खाली, बकेट जमिनीवर टेकवून तेलाची पातळी बघायची. वर उचलून बघितली तर ती कमी दिसते, कारण वरच्या उदाहरणातले दोन सिलेंडर बाहेर आल्यावर आत असतानापेक्षा सुमारे 1.15 लिटर जास्त तेल पोटात धरतात. तेवढं पाहून वर तेल ओतलं तर बूम खाली आल्यावर पातळी खुणेच्या वर जाते. ज्या ट्रॅक्टरमध्ये हेच तेल गिअरबॉक्सलाही असतं, तिथे जादा तेल गिअरमध्ये घुसळून फेसाळतं.

सवयीतला एक दोष इथेच सांगायला हवा. सिलेंडर टोकाला पोचल्यावरही दांडी धरून ठेवायची आणि रिलीफचा कर्कश आवाज ऐकत राहायचं. 30 लिटर आणि 170 बार म्हणजे साडेआठ किलोवॅट. काहीही काम न होता ही सगळी ताकद तेलात उष्णता म्हणून जाते. टाकीत 30 लिटर तेल असेल तर नुसत्या तेलाच्या हिशोबाने ते मिनिटाला दहा अंशांनी तापू शकतं. थोडी उष्णता लोखंड शोषतं, पण दिवसभर असंच चाललं तर सील कडक होतात आणि तेल पातळ होऊन पंपाची आतली गळती वाढते. मग दुपारनंतर लोडर मंदावतो आणि दोष पंपाला दिला जातो.

सकाळी थंड असताना लोडर बरा आणि तापल्यावर मंद, असं असेल तर पंप झिजल्याचा संशय खरा ठरू शकतो. झिजलेल्या पंपातून पातळ तेल दातांच्या आणि भिंतीच्या फटीतून मागे सरकतं, आणि वजन जितकं जास्त तितकं ते जास्त सरकतं. म्हणून रिकामा बूम झटकन वर जातो, भरलेला रेंगाळतो. पण पंप काढण्याआधी सक्शनची जाळी आणि फिल्टर उघडून बघावेत. जाळी तुंबली की पंपाला तेलच पुरत नाही. तेव्हा इंजिन वाढवलं तरी वेग वाढत नाही, उलट पंप रडल्यासारखा आवाज करतो.

सक्शनच्या पाइपाला सैल क्लॅम्प किंवा चीर असेल तर मजेशीर गोष्ट होते: बाहेर तेलाचा एक थेंबही दिसत नाही, कारण तिथे ओढ असते आणि हवा आत शिरते. टाकीतलं तेल फेसाळ दिसतं, बूम हिसके देत चालतो. फेस असेल तर ट्रॅक्टर तासभर उभा ठेवल्यावर तो बसतो आणि तेल स्वच्छ होतं. तरीही दुधासारखंच राहिलं तर ते पाणी आहे, आणि तेल बदलावंच लागतं.

लोडर वेगाने चालतो पण भरलेली बकेट उचलत नाही, ही ताकदीची तक्रार. 250 बारचा गेज रिमोटच्या कपलरला लावा, तेल कामाच्या तापमानाला आणा आणि दांडी क्षणभरच ओढून धरा. मॅन्युअलमधला आकडा आला तर ट्रॅक्टर ठीक आहे, लोडरच्या व्हॉल्व्हची रिलीफ स्वतंत्रपणे मोजा. दोन्हींपैकी कमी असलेलीच राज्य करते. आकडा कमी आला तर स्क्रू फिरवण्याआधी रिलीफची सुई काढून बघा. तिच्या बैठकीवर अडकलेला एक बारीक कण सगळं प्रेशर गळू द्यायला पुरेसा असतो.

भरलेली बकेट वर थांबवली असताना बूम हळूहळू खाली सरकतो, तेव्हा सगळे सिलेंडरच्या पिस्टनची सील बदलायला धावतात. जरा थांबून विचार करावा. पिस्टनची सील पूर्ण गेली आणि व्हॉल्व्हची दोन्ही तोंडं घट्ट बंद असली, तरी सिलेंडर आत जाऊ शकत नाही. रॉड जसा आत शिरेल तशी त्याच्या जाडीएवढी जागा कमी होते आणि तेवढं तेल बाहेर पडायला वाटच नसते. म्हणजे बूम खाली येतोय याचा अर्थ तेल बाहेर जातंय, एकतर उघड गळतीतून नाहीतर व्हॉल्व्हच्या स्पूलवरून. पिस्टन सील गेली असेल तर एवढंच होतं की सगळं वजन रॉडच्या 9.6 चौरस सेंटिमीटरवर येतं, आतलं प्रेशर सव्वातीन पट होतं आणि स्पूलवरून निसटणारं तेल वाढतं. तेव्हा आधी पाइप आणि जोड बघा, मग स्पूल, आणि मग सिलेंडर खोला. नव्या स्पूललाही थोडी गळती असतेच, म्हणून उचललेल्या बूमखाली काम करताना व्हॉल्व्हवर कधीच विसंबू नये. बूमला लोखंडी टेकू लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही.

दांडी उचलण्याकडे ओढली आणि बूम वर जाण्याआधी क्षणभर खाली झुकला, तर दोष वेगळा आहे. स्पूल सरकायला लागल्यावर पंपाचं प्रेशर वजनाच्या बरोबरीला येईपर्यंत सिलेंडरचं तेल उलट येऊ नये म्हणून व्हॉल्व्हमध्ये एक एकेरी झडप असते. तिच्याखाली कचरा अडकला की ती पूर्ण बंद होत नाही आणि बूम झुकतो. सहसा ती साफ केल्याने काम भागतं.

बकेट रिकामी करताना ती झपकन उलटते, आणि लगेच दांडी मागे ओढली तरी क्षणभर काहीच होत नाही, हा मात्र बिघाड नाही. मातीच्या वजनाने बकेट पंपापेक्षा वेगाने सिलेंडर ओढते, आत पोकळी राहते आणि ती भरेपर्यंत बकेट हलत नाही. इंजिनचा वेग थोडा वाढवून, दांडी अर्धीच ओढून बकेट सावकाश उलटली की हा थांबा जवळजवळ नाहीसा होतो.

या सगळ्या तपासात गळती हाताने चाचपायची नाही. पाइपातल्या सुईएवढ्या छिद्रातून 170 बारचं तेल कातडीच्या आत शिरतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत मांस सडू लागतं आणि बोट किंवा हात कापण्याची वेळ येते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळून फिरवावा. तेल टोचलंच, तर त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठावं आणि प्रेशरचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. कुठलाही जोड सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं आणि सगळ्या दांड्या दोन्ही बाजूंना दोन-तीनदा हलवून पाइपांतलं साठलेलं प्रेशर उतरवायचं.